रात्री एकपर्यंत म्हणजे रात्री एकपर्यंत

उल्हासनगर कॅम्प तीनमध्ये रात्री साडेअकरानंतर औषधांच्या दुकानाचा बोर्ड वाचणारी माणसे साधारण तीन प्रकारची असतात. पहिला असतो सेंट्रल हॉस्पिटलमध्ये कुणाला भरती केलेला नातेवाईक. त्याच्या हातात चिठ्ठी असते, आणि तो पुष्कळदा अंबरनाथ, बदलापूर किंवा मुरबाडकडून आलेला असल्याने त्याला इथले सेक्शन आणि बॅरक नंबर काही कळत नाहीत. दुसरा लोकलमधून उतरून घरी जाताना आईच्या बीपीच्या गोळ्या संपल्याचे आठवलेला माणूस. तिसरे म्हणजे अंगात ताप असलेले मूल खांद्यावर घेऊन रिक्षातून बाहेर डोकावणारे आईवडील. तुम्ही दुकान रात्री उशिरापर्यंत चालवणार असाल, तर बोर्डावरची ओळ या तिघांसाठी लिहायची आहे. दिवसाचे गिऱ्हाईक तुम्हाला तोंडाने ओळखते, त्याला बोर्डाची गरज नसते.

बोर्ड रंगवणाऱ्याकडे किंवा फ्लेक्सवाल्याकडे गेलात की तो तुम्हाला तयार ओळी दाखवील. ‘आपल्या सेवेसाठी सदैव तत्पर’, ‘ग्राहकांचे समाधान हाच आमचा आनंद’, ‘आरोग्यम् धनसंपदा’. या ओळी वाईट नाहीत, पण त्या मिठाईवाल्याच्या आणि झेरॉक्सवाल्याच्या बोर्डावरही खपतात. रिक्षातल्या बापाला त्यातून काहीच समजत नाही. त्याचा प्रश्न एकच असतो, हे दुकान आत्ता उघडे आहे का आणि मी औषध घेऊन येईपर्यंत उघडे राहील का. ‘रात्री उशिरापर्यंत उघडे’ ही ओळही त्याचे उत्तर देत नाही, कारण एकाचा उशीर दहाला सुरू होतो आणि दुसऱ्याचा दोनला. उत्तर फक्त आकड्यात असते. ‘रात्री १ पर्यंत उघडे’ हे चार शब्द ज्या दुकानावर खरे असतील, तिथे दुसऱ्या कुठल्याही घोषवाक्याची गरज नाही.

आता तो आकडा कुठला, हे बोर्ड रंगवायच्या आधी ठरवावे लागते, आणि चूक सगळ्यात जास्त इथेच होते. उत्साहाच्या पहिल्या आठवड्यात आपण दोन वाजेपर्यंत बसतो, म्हणून बोर्डावर २ लिहितो. पावसाळ्यात, लग्नसराईत, नोकर गावी गेला की साडेबाराला शटर खाली येते. ज्या माणसाने दीड वाजता येऊन बंद शटर पाहिले तो पुन्हा अकरा वाजताही येत नाही, कारण त्याच्या लेखी तुमचा आकडा खोटा ठरला. म्हणून महिनाभर रोज शेवटचे बिल किती वाजता फाटले ते वहीत लिहा. त्यात सगळ्यात लवकर बंद झालेली रात्र कोणती ते पाहा, आणि बोर्डावर त्या रात्रीची वेळ लिहा. सरासरी काढू नका. सव्वाला बंद करणाऱ्याने ‘१’ लिहावे आणि जास्तीची पंधरा मिनिटे गुपचूप द्यावीत. धावत आलेल्या माणसाला ती पंधरा मिनिटे तुमच्या नावाने आठवतात.

कॅम्प तीनच्या स्टेशनबाजूला असाल तर एक ओळ मला फार आवडेल, ‘शेवटची लोकल येईपर्यंत उघडे’. मुंबईहून येणाऱ्या शेवटच्या गाड्या मध्यरात्रीनंतर पोचतात हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक असते, त्यामुळे ही वेळ न लिहिताही कळते. शिवाय हे दुकान आपल्या येण्याजाण्याचा हिशेब ठेवते असे गिऱ्हाइकाला वाटते. पण ही ओळ महागाची आहे. ब्लॉकमुळे किंवा पावसाने गाडी तासभर अडकली तर तुम्हालाही तासभर थांबावे लागेल, कारण तुम्ही शब्द दिला आहे तो गाडीला, घड्याळाला नाही. ज्याचे घर दुकानाच्या वरच आहे त्यानेच ही ओळ घ्यावी, आणि तीही आकड्याच्या खाली, त्याच्याऐवजी नव्हे. हॉस्पिटलमधून आलेल्या माणसाला लोकलचे वेळापत्रक सांगून काय उपयोग?

‘२४ तास’ या दोन शब्दांबद्दल वेगळे सांगायला हवे. चोवीस तास म्हणजे पहाटे चार वाजताही दिवा, माणूस आणि नोंदणीकृत फार्मासिस्ट. औषध कायद्याच्या नियमांनुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध फार्मासिस्टच्या हातून किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच द्यायचे असते, आणि हा नियम रात्री झोपत नाही. सकाळी नऊपासून रात्री एकपर्यंत दुकान चालवायचे म्हटले तरी सोळा तास होतात. एका माणसाला ते रोज जमणार नाही, दुसरा फार्मासिस्ट ठेवावाच लागतो. तो ठेवला असेल तर मात्र ‘रात्रीही फार्मासिस्ट हजर’ ही ओळ बोर्डावर जरूर घ्या. रात्रीच्या गिऱ्हाइकाला सगळ्यात मोठी भीती असते ती गल्ल्यावर बसलेल्या पोराने अंदाजाने गोळी देण्याची. ठेवला नसेल तर ती ओळ विसरा, कारण अन्न व औषध प्रशासनाचा निरीक्षक रात्री आला तर त्याच्या तक्रारीचे पहिले वाक्य तुमच्याच बोर्डावर लिहिलेले असेल.

शब्द निवडताना कॅम्प तीनचा कान लावावा. इथे घरात सिंधी, रस्त्यावर हिंदी आणि सरकारी कागदावर मराठी चालते, आणि सेंट्रल हॉस्पिटलमध्ये येणारे बरेच लोक आगरी-कोळी किंवा कोकणी वळणाची मराठी बोलतात. या सगळ्यांना एक शब्द सारखा कळतो, तो म्हणजे ‘मेडिकल’. कुणीही ‘औषधालय कुठे आहे’ असे विचारत नाही, ‘मेडिकल उघडं आहे का’ असेच विचारतात. ‘दवा’ सिंधी-हिंदीत चालेल, पण मराठी माणूस दवाखान्याच्या आशेने आत येईल. सोय अशी की मराठी आणि हिंदी एकाच लिपीत असल्याने ‘रात्री १ पर्यंत’ ही ओळ हिंदी वाचणाऱ्यालाही न अडखळता कळते. अरबी वळणाची सिंधी वाचणारे आता मुख्यतः जुन्या पिढीत आहेत. तुमच्या गल्लीत असे आजोबा-आजी जास्त असतील तर दाराजवळ हातभर पाटी त्या लिपीत करावी, मोठ्या बोर्डावर तिसरी लिपी कोंबू नये. आकडा मात्र दोन्ही लिपींत द्या. देवनागरी एक आणि इंग्रजी एक दोन्ही लिहिले तर इंग्रजी शाळेत शिकलेल्या पोराचाही घोळ होत नाही.

मराठीबद्दल कायदाही स्पष्ट आहे. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२मध्ये दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी माणसे कामाला असलेल्या दुकानांनाही मराठी फलक बंधनकारक झाला. मराठी नाव आधी यायला हवे आणि इतर भाषेतली अक्षरे त्याहून मोठी नकोत. २०२३च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दुकानदारांना पालनासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. तेव्हा इंग्रजी नाव मोठे करून खाली बारीक मराठी ठेवायची जुनी खोड सोडा. त्याचबरोबर नावापुढे काय लिहायचे यालाही नियम आहे. औषध नियम १९४५मधल्या ६५व्या नियमाप्रमाणे ‘फार्मसी’ हा शब्द फार्मासिस्ट असलेल्या आणि चिठ्ठीनुसार औषध तयार करून देण्याची सोय ठेवलेल्या दुकानानेच लावायचा. फार्मासिस्ट आहे पण औषध बनवत नाही, अशा दुकानाने ‘केमिस्ट अँड ड्रगिस्ट’ लिहायचे. कॅम्प तीनमधली बहुतेक दुकाने याच दुसऱ्या प्रकारची असणार.

एक दुकान धरून मोजमाप करू. समजा तुमचा गाळा दहा फूट रुंद आहे आणि वर तीन फूट उंच बोर्ड बसतो. रंगाऱ्यांचा ढोबळ हिशेब असा की एक इंच उंचीचे अक्षर साधारण दहा फुटांवरून सहज वाचता येते. रिक्षा ताशी वीस किलोमीटरने येत असेल तर ती सेकंदाला अठरा फूट पुढे जाते. सहा इंचाचे अक्षर साठ फुटांवरून दिसायला लागले तर आतल्या माणसाला वाचायला जेमतेम तीन सेकंद मिळतात. तीन सेकंदांत चार-पाच शब्द वाचून होतात, त्यात बापाला रिक्षावाल्याला ‘थांब’ म्हणायचेही असते. म्हणून वेळेची ओळ चार शब्दांची आणि सहा इंचांची ठेवा.

देवनागरीत मात्र उंची मोजताना एक फसगत होते. सहा इंच हे अक्षराच्या पोटाचे माप, त्यावर ‘री’ची वेलांटी आणि खाली ‘उ’कार यांना मिळून ओळ जवळजवळ नऊ इंच जागा खाते. तीन फूट म्हणजे छत्तीस इंच. दुकानाचे मराठी नाव आठ इंची अक्षरात, वरखालची मात्रा धरून बारा इंच. वेळेची ओळ नऊ इंच. इंग्रजी नाव चार इंच, आणि ‘केमिस्ट अँड ड्रगिस्ट’ तीन इंची अक्षरात, म्हणजे साडेचार इंच. बेरीज साडेएकोणतीस होते. उरलेले साडेसहा इंच चार ओळींमधल्या मोकळ्या जागेत आणि कडेला जातात. मग ‘सर्व प्रकारची इंग्रजी औषधे, सर्जिकल, कॉस्मेटिक, जनरल’ ही लांबलचक पाचवी ओळ बसतच नाही, आणि ते बरेच आहे. फ्लेक्सवाला ती कोपऱ्यात लहान अक्षरात टाकून देतो म्हणेल. नको म्हणा, ती रात्री कुणी वाचत नाही आणि दिवसा कुणाला लागत नाही.

कॅम्पातल्या अरुंद रस्त्यावर मात्र समोरचा बोर्ड समोरूनच दिसतो, येणाऱ्या वाहनाला नाही. मधे पत्र्याच्या शेड आणि उभ्या गाड्या आड येतात. यासाठी भिंतीला काटकोनात एक लहान बाजूची पाटी लावतात, दोन्ही तोंडांवर तेच लिहिलेली. तिच्यावर नाव नको, फक्त ‘मेडिकल’ आणि ‘रात्री १ पर्यंत’. रस्त्यावर बाहेर येणाऱ्या पाटीला महापालिकेची परवानगी लागते का ते आधी विचारा, नाहीतर ती एके दिवशी ट्रकमध्ये जाईल. दुकान गल्लीत असेल तर तोंडाशी बाण दाखवताना फुटांत अंतर लिहू नका. ‘डावीकडे चौथे दुकान’ असे लिहा, गोंधळलेल्या माणसाला दुकाने मोजता येतात, फूट मोजता येत नाहीत.

उजेडाकडे वळू. मागून ट्यूब असलेला फ्लेक्स नवा असतो तेव्हा छान दिसतो, सहा महिन्यांनी मधली एक ट्यूब जाते आणि वेळेच्या ओळीतलाच ‘१’ अंधारात जातो. रोज रात्री एकदा रस्ता ओलांडून स्वतःचा बोर्ड वाचायचा, एवढीच त्याची देखभाल आहे. काळ्या पाटीवर पांढरी एलईडी अक्षरे करताना काना, मात्रा, वेलांटी जाड ठेवू नका. दिव्याचा झगमगाट रात्री पसरतो आणि जाड अक्षरे एकमेकांत मिसळतात, शिरोरेषेखाली नुसती पांढरी पट्टी दिसते. एखाद्या अक्षराचा काना आणि शेजारच्याचे पोट यांत बोटभर फट असावी. पाहण्याची सोपी रीत म्हणजे नमुन्याचा फोटो साठ फुटांवरून रात्री काढायचा आणि दुकानाशी संबंध नसलेल्या माणसाला वाचायला द्यायचा.

चिन्ह लावायचे असेल तर हिरवा क्रॉस लावा. लाल क्रॉस पुष्कळ दुकानांवर दिसतो, पण ते चिन्ह रेडक्रॉसचे आहे आणि जिनिव्हा करार कायदा १९६०ने त्याचा परवानगीविना वापर मना केला आहे. रात्री लांबून लाल दिसले की लोक रुग्णवाहिकेची किंवा दवाखान्याची जागा समजतात, हा त्याचा व्यावहारिक तोटा.

उजेडाच्या बाबतीत सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट वायरिंगची आहे. नावाचा बोर्ड आणि ‘उघडे’ ही ओळ वेगवेगळ्या बटणांवर घ्या. दुकान बंद करताना ‘उघडे’चा दिवा हटकून विझला पाहिजे, नाव पेटते राहिले तरी चालेल. एकच बटण असले की कुणीतरी घाईत विसरतो आणि बंद दुकानावर ‘उघडे’ चमकत राहते. दुसरे, लाइट गेल्यावर ही ओळ आणि औषधांचा फ्रिज इन्व्हर्टरवर हवा. लाइट गेल्यावर अख्खा चौक काळोखात असताना ‘मेडिकल’ हा एकच शब्द पेटलेला असला की गल्लीतल्या लोकांना तुमच्याबद्दल वेगळी खात्री पटते. ‘फ्रिज इन्व्हर्टरवर, थंड औषधे सुरक्षित’ असे काउंटरवर लिहिता येईल, पण ते खरे असेल तरच, आणि फ्रिजमध्ये दोन ते आठ अंश दाखवणारा थर्मामीटर दिसेल असा ठेवा. ज्याच्या घरी इन्सुलिन लागते तो आधी तो थर्मामीटर पाहतो.

आता अर्ध्या शटरची गोष्ट. साडेअकरानंतर सुरक्षेसाठी शटर अर्धे ओढतात, काही जण पूर्ण ओढून जाळीच्या खिडकीतून औषध देतात. बाहेरून पाहणाऱ्याला अर्धे शटर म्हणजे आवराआवर चालू आहे असेच वाटते, आणि तो उभाच राहत नाही. तुमचा बोर्ड कितीही मोठा असला तरी शटरने त्याचा खोटेपणा सिद्ध केलेला असतो. यावर इलाज म्हणजे शटरच्या बाहेरच्या बाजूला लोखंडी साखळीने टांगता येईल अशी हातभर पाटी, जी शटर ओढल्यावर डोळ्यांच्या उंचीला येते. तिच्यावर लिहा, ‘शटर अर्धे, मेडिकल उघडे. आवाज द्या.’ खिडकीतून देत असाल तर ‘खिडकीवर या, औषध मिळेल’. घंटी लावली असेल तर तिच्या शेजारीच ‘घंटी दाबा’ आणि लहान दिवा. बाहेरच्या पायरीवरही उजेड ठेवा. एकट्या बाईला अंधाऱ्या पायरीवर उभे राहून घंटी दाबायला लावणारे दुकान कुठल्याही ओळीने भरवशाचे होत नाही.

शटर पूर्ण खाली आल्यावर वाचली जाणारी ओळ बहुतेकांना सुचतच नाही. दीड वाजता आलेल्या माणसाला बंद दुकानाने किमान पुढचा रस्ता तरी दाखवावा. शटरच्या मधोमध रंगात लिहा, ‘बंद आहे. सकाळी ९ ला उघडेल. आता गरज असल्यास सेंट्रल हॉस्पिटल, रुग्णवाहिका १०८.’ फोन नंबर लिहायचा मोह होतो. तो उचलणारा आणि खाली येऊन शटर उघडणारा फार्मासिस्ट असेल तरच लिहा, नाहीतर दोनदा वाजून न उचललेला फोन बंद शटरपेक्षा जास्त राग आणतो. शेजारचे रात्रभर चालणारे दुसरे मेडिकल माहीत असेल तर त्याचा पत्ता तुमच्या शटरवर लिहायला लाजू नका. एका रात्रीचे गिऱ्हाईक जाईल, पण तो माणूस दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे येईल अशी शक्यता अधिक आहे.

काही ओळी दिसायला चांगल्या असल्या तरी टाळाव्याच लागतात. ‘मधुमेहावर खात्रीशीर औषध’ अशा ओळी टाकायच्याच नाहीत, कारण जे आजार बरे करण्याचे दावे जाहिरातीत करायला मनाई आहे, त्यांची लांब यादी १९५४च्या कायद्यात आहे. रात्री बाळासाठी येणाऱ्यांना ओढायला ‘बेबी फूड मिळेल’ किंवा दुधाच्या पावडरीच्या कंपनीचे चित्र लावायचीही पद्धत आहे. अर्भकाच्या दुधाच्या पावडरीची आणि बाटल्यांची जाहिरात १९९२च्या कायद्याने मना केलेली आहे, तेव्हा ‘ताप, जुलाब, जखम, रात्रीची पहिली गरज’ इतपत सामान्य ओळ पुरे. सवलतीचे टक्केही रात्रीच्या बोर्डावर नकोत. बोर्डाचा निम्मा भाग ‘२०% सूट’ने व्यापला की वेळेची ओळ खाली ढकलली जाते, आणि बारा वाजता मूल खांद्यावर असलेल्याला सवलतीचे देणेघेणे नसते.

आतल्या पाटीला मात्र थोडा शब्दांचा लाड करायला हरकत नाही, कारण ती वाचणारा थांबलेला असतो. रात्री झोपेच्या गोळ्या किंवा नशेसाठी खोकल्याचे औषध मागणारे येतात, त्यांच्याशी रोज वाद घालण्यापेक्षा पाटी बोलू द्यावी. ‘डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय झोपेच्या व नशा आणणाऱ्या औषधांची विक्री होत नाही’ असे काउंटरवर लिहा, बाहेर नाही. बाहेर लिहिलेत तर तापाची गोळी घ्यायला आलेली माणसे आधी आपल्यावर संशय घेतला गेल्यासारखी उभी राहतील. तिच्याशेजारी दुसरी पाटी लावा, ‘नाव सांगायला संकोच वाटत असेल तर मोबाइलवर लिहून दाखवा’. गल्लीतली ओळखीची माणसे पाठीमागे रांगेत असताना गर्भचाचणीचे किट किंवा सॅनिटरी पॅड मोठ्याने मागायचे कुणाला आवडते? काउंटरवर पुरुष असताना तर नाहीच.

पुढच्या सहा महिन्यांत वेळ बदलू शकते, म्हणून बोर्ड करून घेताना रंगाऱ्याला सांगा की वेळेचा आकडा वेगळ्या पत्र्यावर लिही आणि चार स्क्रूंनी बसव. दिवाळीनंतर फार्मासिस्ट मिळाला आणि दोनपर्यंत बसणे जमले तर ‘१’ काढून ‘२’ लावता येतो, जमले नाही तर परत. स्क्रू गंजणार नाहीत असे स्टीलचे घ्या, आणि जुना आकडा फेकू नका.